रिकामा नियम कधी लावायचा?

5+(2+7) ही आकडेमोड आपण एका नजरेत वाचतो. प्रोग्रॅम वाचणाऱ्या पार्सरला मात्र डावीकडून एकेक टोकन घेत जावं लागतं. टोकन म्हणजे एक संख्या, एक चिन्ह किंवा एक कंस. समोरचं एकच टोकन पाहून व्याकरणाचा कोणता नियम लावायचा हे त्याला ठरवायचं असतं, आणि एकदा ठरवलं की माघार नाही. हा निर्णय आधीच एका तक्त्यात लिहून ठेवता येतो. तो तक्ता हातानं भरून पाहण्यासाठी बेरीज आणि कंस एवढंच असलेलं छोटं व्याकरण पुरेसं आहे:

```
E → T R
R → + T R | ε
T → n | ( E )
```

`n` म्हणजे कोणतीही संख्या. `ε` म्हणजे काहीच नाही: `R` रिकामा राहू शकतो. सगळी गुंतागुंत या रिकामेपणातून येते.

आधी फर्स्ट संच काढू. एखाद्या चिन्हापासून जे काही तयार होऊ शकतं, त्याची सुरुवात कोणकोणत्या टोकनांनी होईल, ते हा संच सांगतो. `T` ची सुरुवात `n` नं किंवा `(` नं होते. `E` ची सुरुवात `T` नंच होते, म्हणून त्याचा संच तोच. `R` च्या संचात `+` आणि `ε`.

आता समजा पार्सरला `R` उलगडायचा आहे आणि समोर `)` आहे. `+` चा नियम चालणार नाही. मग `R` रिकामा सोडायचा का? सोडता येईल, पण `R` नंतर `)` येणं मुळात शक्य असेल तरच. ते कळण्यासाठी फॉलो संच लागतो.

`E` पासून सगळं वाक्य सुरू होतं, म्हणून त्याच्यामागे वाक्याचा शेवट, म्हणजे `$`, येऊ शकतो. `T → ( E )` मध्ये `E` च्या मागे `)` आहे. तेव्हा `E` चा फॉलो झाला `$` आणि `)`. `E → T R` मध्ये `R` अगदी टोकाला आहे, म्हणून `E` च्या मागे जे येतं ते `R` च्याही मागे येतं. `T` च्या मागे `R` आहे, म्हणून `+` येणार. पण `R` रिकामा निघाला तर `T` च्या थेट मागे `$` किंवा `)` येईल. हे दोघे `T` च्या संचातून हमखास सुटतात. म्हणून एकाही संचात नवी भर पडेनाशी होईपर्यंत सगळे नियम पुन्हा पुन्हा फिरवायचे.

तक्ता भरताना प्रत्येक नियम त्याच्या फर्स्टमधल्या टोकनांखाली लिहायचा, आणि रिकामा होऊ शकणारा नियम फॉलोमधल्या टोकनांखाली. `ε` नावाचा स्तंभ नसतोच.

```
     n      (        +        )     $
E   T R    T R
R                   + T R     ε     ε
T    n    ( E )
```

`n+n` वाचून पाहू. स्टॅकवर `E $` आहे, समोर `n`. `E` च्या जागी `T R` येतं, `T` च्या जागी `n`, आणि ते समोरच्या `n` शी जुळतं. वर `R` राहतो, समोर `+`, म्हणून `+ T R`. `+` जुळतो, पुढचा `n` ही जुळतो. शेवटी `R` आणि `$`: तक्ता `ε` म्हणतो, `R` निघून जातो, `$` ला `$` भेटतो. वाक्य मान्य.

`n n` दिलं तर `R` च्या ओळीत `n` खाली रकाना रिकामा आहे. चूक तिथेच पकडली जाते. `n)` चं वागणं जास्त बोलकं आहे. कंस उघडलेलाच नाही, तरी `R` आणि `)` चा रकाना भरलेला असल्यामुळे पार्सर आधी `R` पुसतो आणि मगच `$` समोर `)` पाहून थांबतो. वाक्यात कुठेही `R` च्या मागे काय येऊ शकतं एवढंच फॉलोला ठाऊक असतं. आत्ता कंस उघडा आहे की नाही, हे ठाऊक नसतं. तरीही चुकीचं टोकन गिळलं जात नाही, फक्त चूक एक पायरी उशिरा कळते.

एका रकान्यात दोन नियम आले, तर ते व्याकरण या पद्धतीला चालत नाही. `E → E + T | T` असं सरळ लिहिलं असतं, तर दोन्ही पर्यायांची सुरुवात `n` किंवा `(` नंच झाली असती आणि एक टोकन पाहून निवड करता आली नसती. `R` आणला तो यासाठीच. पण त्याची किंमत मोजावी लागते. `+` च्या जागी वजाबाकी ठेवा आणि 9-5-2 वाचा: नियमांच्या रचनेप्रमाणे आधी उजवीकडचं 5-2 सोडवलं, तर उत्तर 2 ऐवजी 6 येतं. म्हणून अशा पार्सरमध्ये डावीकडे तयार झालेलं उत्तर, इथे 9, `R` कडे सोपवतात. तो त्यातून 5 वजा करून 4 पुढच्या `R` ला देतो, आणि तो 2 वजा करतो.