सल्ले सोळा, माणसं पाच

वर्षाचे एकदाच पैसे भरा आणि घरबसल्या डॉक्टरांशी बोला, अशा योजनांच्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळक अक्षरांत असतात: किती सल्ले, कोणते तज्ज्ञ आणि किती माणसं. गिऱ्हाईक पहिला आकडा बघून निर्णय घेतं. ‘अमर्याद’ लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला. पण या तिन्हींतला सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा तोच. योजना फायद्याची की तोट्याची हे ठरतं ते ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या काय आणि ‘एक सल्ला’ कशाला म्हणायचं, यावर. ही दोन्ही उत्तरं जाहिरातीत नसतात, अटींमध्ये असतात.

आधी एक गैरसमज दूर करू. ही वर्गणी म्हणजे विमा नव्हे. विम्यात खर्च झाला की दावा करता येतो. इथे तुम्ही डॉक्टरांचा वेळ आगाऊ विकत घेता, आणि वर्ष संपलं की न वापरलेले सल्ले सहसा संपतात. तुमच्या आरोग्य विम्यात बाह्यरुग्ण सल्ल्याचा खर्च मिळत असेल, तर त्यात दूरस्थ सल्लाही धरावा, असं विमा नियामकाने 2020च्या जूनमध्येच कंपन्यांना सांगितलं आहे. तेव्हा आधी घरातली पॉलिसी काढून वाचा. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरणारी घरं कमी नाहीत.

आता हिशेब करू. आकडे कल्पित आहेत, पण मांडणी अशा योजनांत नेहमी दिसते तशीच. समजा वर्षाला 2400 रुपये, 12 सल्ले एमबीबीएस डॉक्टरांचे, 4 तज्ज्ञांचे, सदस्य पाचपर्यंत, आणि सगळ्यांचा साठा एकच. सोळा सल्ले 2400 रुपयांना, म्हणजे एक दीडशेला पडतो. साध्या डॉक्टरांचा सुटा सल्ला 300चा आणि तज्ज्ञांचा 500चा धरला, तर सौदा झकास वाटतो.

घर असं: चिपळूणला आईवडील, पुण्यात मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. वडिलांना मधुमेह, आईला रक्तदाब. दोघांचीही दर तीन महिन्यांनी साध्या डॉक्टरांशी विचारपूस, म्हणजे चार आणि चार आठ. मुलाला वर्षातून एकदा काहीतरी होतं, ते नऊ. वडिलांना एकदा मधुमेहतज्ज्ञ हवेत. सुनेला थायरॉईडसाठी दोनदा आणि त्वचेसाठी एकदा तज्ज्ञ लागतात. नातीच्या सर्दी-तापाला वर्षात पाचदा बालरोगतज्ज्ञ. इथेच पहिली गंमत होते. आईबापांच्या लेखी बालरोगतज्ज्ञ हे ‘नेहमीचे डॉक्टर’, पण बऱ्याच योजनांत त्यांची गणना तज्ज्ञांत होते. म्हणजे तज्ज्ञांचे सल्ले झाले नऊ, योजनेत आहेत चार. साध्या सल्ल्यांतले तीन शिल्लक राहतात, पण ते तज्ज्ञांकडे वळवता येत नाहीत.

योजना दिवाळीत घेतली तर नातीच्या हिवाळ्यातल्या दोन खेपा, सुनेची एक आणि वडिलांची एक मिळून तज्ज्ञांचा साठा फेब्रुवारीतच संपतो. पावसाळ्यात, जेव्हा पोरीला खरी गरज असते, तेव्हा खिशातून पैसे जातात. वर लागणाऱ्या पाच सल्ल्यांचे 2500 धरून वर्षाचा खर्च 4900 होतो. योजना न घेता सुटे सल्ले घेतले असते तर नऊ साधे 2700 आणि नऊ तज्ज्ञांचे 4500, एकूण 7200 पडले असते. दीडशेचा सल्ला सरासरी 272ला पडला, तरी 2300 वाचले. वाईट नाही.

आता अटींतली एकच ओळ बदला: ‘कुटुंब म्हणजे सदस्य, जोडीदार आणि दोन मुले.’ आईवडील बाहेर गेले. पाच जण घेणार म्हणणाऱ्या योजनेत या घरचे तीनच उरले. त्या तिघांना साधा सल्ला लागतो एक आणि तज्ज्ञांचे आठ. योजनेतले चार वापरून झाल्यावर आणखी चारांचे 2000 भरावे लागतात. एकूण 4400. योजनाच नसती तर 300 आणि 4000 मिळून 4300! म्हणजे अकरा साधे सल्ले पडून राहिले आणि वर शंभर रुपये नुकसान. आईवडिलांचा खर्च वेगळाच. काही योजनांत आईवडील जादा पैसे भरून घेता येतात, काहींत सासूसासरे नाहीत, काहींत ठरावीक वय ओलांडलं की मुलगा कुटुंबात धरत नाहीत. माझ्या मते योजना बघताना सुरुवात या ओळीपासूनच करावी.

एकत्र साठा चांगला की प्रत्येकाचा स्वतंत्र, हे घरावर अवलंबून आहे. एक माणूस सतत आजारी आणि बाकीचे ठणठणीत असतील तर एकत्र साठा बरा, फ्लोटर विम्यासारखा. दोघा-तिघांना कायमचे आजार असतील तर स्वतंत्र वाटा हवा, कारण एकत्र साठ्यात जो आधी आजारी पडतो तो जिंकतो. काही योजनांत साठा एकत्र असूनही एका सदस्याने किती वापरायचा याला मर्यादा असते. ती असेल तर ‘एकत्र’ म्हणण्यात अर्थ उरत नाही.

मग ‘एक सल्ला’ म्हणजे काय? डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, चार दिवसांनी रिपोर्ट आले, ते दाखवायला पुन्हा फोन केला, तर तो दुसरा सल्ला की पहिल्याचाच भाग? आपल्या दवाखान्यांत केसपेपर काही दिवस चालतो. योजनेत तसे किती दिवस मोकळे आहेत ते विचारा, नाहीतर प्रत्येक तपासणी दोन सल्ले खाते. फोन मध्येच कटला, तुम्ही ठरल्या वेळी नेटवर्कबाहेर होतात, किंवा त्वचेसाठी चुकून दुसरेच डॉक्टर निवडले, अशा वेळी सल्ला वजा होतो का? आणि तज्ज्ञांकडे थेट जाता येतं, की आधी साध्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते? चिठ्ठी लागत असेल तर वरच्या घराला तज्ज्ञांच्या चार सल्ल्यांसाठी आणखी चार साधे सल्ले लागतील. नऊ आणि चार तेरा, साठा बाराचा. ‘अमर्याद’ योजनेत यांतले बरेच प्रश्न सुटतात, पण तिथे ‘वाजवी वापर’ नावाची अट असते आणि वाजवी किती हे कंपनी ठरवते.

तरीही सर्वांत मोठी मर्यादा कंपनीची नाही, नियमांची आहे. 25 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, देशातली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यांत औषधांच्या याद्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधं डॉक्टर कुठल्याही माध्यमातून सुचवू शकतात. ‘ए’ यादीतली औषधं, म्हणजे त्वचेची मलमं, डोळ्या-कानाचे थेंब वगैरे, पहिल्याच भेटीत लिहून द्यायची असतील तर भेट व्हिडिओवर व्हायला हवी. म्हणून ‘अमर्याद चॅट’ असलेल्या योजनेत नव्या रुग्णाला चॅटवरून मिळण्यासारखं फार थोडं असतं. मधुमेहाची मेटफॉर्मिनसारखी चालू गोळी पुन्हा लिहून देता येते, पण पाठपुराव्याच्या भेटीत. चालू उपचारात नवं औषध जोडायचं असेल तर ती ‘बी’ यादी, आणि त्यासाठीही भेट पाठपुराव्याचीच लागते. मॉर्फिनसारखी अंमली आणि मनोविकारी द्रव्यांच्या कायद्याखालची औषधं मात्र निषिद्ध यादीत आहेत.

पाठपुरावा कशाला म्हणायचं? त्याच डॉक्टरांनी, त्याच आजारासाठी, मागच्या सहा महिन्यांत रुग्णाला समोर बसवून तपासलेलं असेल तर. योजनेतले डॉक्टर दर खेपेला बदलतात, आणि त्यांनी चिपळूणच्या आजोबांना कधी पाहिलेलंच नसतं. कितीही सल्ले शिल्लक असले तरी असे डॉक्टर हात राखूनच लिहितात, आणि ते बरोबरच आहे. रुग्णालयांच्या स्वतःच्या योजनांचा फायदा इथे दिसतो: सहा महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष जाऊन त्याच डॉक्टरांशी पुढे व्हिडिओवर बोलता येतं. गावातले नेहमीचे डॉक्टर फोनवर सल्ला देत असतील तर वयस्कांसाठी त्याहून चांगली योजना मला माहीत नाही. त्यांनीही प्रत्यक्ष भेटीइतकी फी घेणं नियमात बसतं, पावती मागा.

एक सवय मात्र सोडायला हवी. मुलाच्या नावाने खातं आहे, तर आईसाठीही त्याच नावावर बोलायचं. व्याख्येत आईवडील नसले की ही वाट फार जवळची वाटते. पण डॉक्टरांनी रुग्णाची ओळख पटवून घेणं नियमाने बंधनकारक आहे, आणि प्रिस्क्रिप्शन ज्याच्या नावाने निघतं त्याच्याच नोंदीत ते औषध बसतं. अडतीस वर्षांच्या मुलाच्या नोंदीत आईची रक्तदाबाची गोळी शिरली की पुढचे डॉक्टर त्या नोंदीवरून चुकीचा अर्थ काढणार. आईला खोकला झाला आणि तिची गोळी मुलाच्या खात्यात असेल, तर खोकला त्या गोळीनेच असू शकतो हे कुणाच्या लक्षात येणार? रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ एनालाप्रिलने, तसा कोरडा खोकला होतो. लहान मुलासाठी बोलताना सोबत मोठं माणूस हवं आणि त्याची ओळख पटायला हवी. सज्ञान आईवडिलांच्या वतीने बोलायचं तर त्यांची संमती लागते. ते शेजारी बसलेले असतील तर फारच सोपं.

परदेशात असलेल्या मुलांसाठी एक गोष्ट. साताऱ्यातल्या आईवडिलांसाठी तुम्ही दुबईतून योजना घेतलीत तर सल्ला साताऱ्यात मिळतो, तो या तत्त्वांत बसतो. पण तुम्ही स्वतः तिथे बसून इथल्या डॉक्टरांकडून उपचार घेणं त्यांच्या कक्षेबाहेर आहे. इथलं प्रिस्क्रिप्शन तिथल्या औषध दुकानात चालेल, अशा भरवशावर राहू नका.

वर्गणी आपोआप कापली जाण्याची सोय सुरू असेल तर पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवायचं असतं. तो संदेश वाचा. वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड ठेवलं असेल तर ती ग्राहकांची फसवणूकच मानली जाते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.

या दिवाळीत योजना घ्यायचीच असेल तर आधी घरातले गेल्या वर्षीचे केसपेपर आणि पावत्या काढा. कोण, कितीदा, कुठल्या डॉक्टरांकडे गेलं ते कागदावर मांडा आणि वर केला तसा हिशेब करा. मग कंपनीला ईमेलवर विचारा: कुटुंबात कोण, बालरोगतज्ज्ञ कुठल्या खात्यात, रिपोर्ट दाखवणं मोकळं किती दिवस. उत्तर लेखी येईपर्यंत पैसे भरू नका. आणि पैसे भरण्यापूर्वी केंद्र सरकारची ई-संजीवनी ही सेवा एकदा वापरून बघा. तिथे डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा 14416 हा क्रमांकही फुकट आहे.