आवाज गेला, तर काय बोलायचं?

पुण्यातल्या मैफलीचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू आहे आणि अचानक आवाज जातो. चित्र मात्र दिसतंय. अशा वेळी निवेदकाने पाठ केलेली वाक्यं कुणाला ऐकूच जात नाहीत. म्हणून जाणकार संहितालेखक आवाजाच्या बिघाडासाठीचा मजकूर पडद्यावरच्या पट्टीसाठी आणि चॅटसाठी लिहून ठेवतो.

पहिलं वाक्य : ‘बिघाड आमच्याकडे आहे, तुमचा फोन ठीक आहे.’

दुसऱ्यात वेळ सांगायची. पण ‘दोन मिनिटांत सुरू होईल’ असं वचन नको. ‘दोन मिनिटांनी पुन्हा कळवतो’ हे पाळता येतं. मग करमणूक : ‘आधीची चीज कोणत्या रागातली होती? चॅटमध्ये लिहा.’

चित्र प्रेक्षकांपर्यंत काही सेकंद उशिरा पोचतं. त्यामुळे ‘आता ऐकू येतंय का?’ असं विचारल्यावर उत्तरांसाठी अर्धा मिनिट थांबावंच लागतं.