पुराचा वार्षिक हिशेब

माहिती-सुरक्षेच्या परीक्षा देणारी मंडळी, म्हणजे सीआयएसएसपी किंवा सिक्युरिटी प्लसची तयारी करणारे, एका प्रकारच्या प्रश्नावर खूश असतात. त्यात व्याख्या आठवावी लागत नाही, चार आकडे दिलेले असतात आणि गुणाकार करायचा असतो. तरीही हा प्रश्न चुकणारे पुष्कळ आहेत, कारण खरी मेख गुणाकारात नाही. कोणतं वाक्य कोणता आकडा देतंय, हे ओळखण्यात ती आहे.

आधी गणित पाहून घेऊ. कृष्णेकाठी, सांगलीत, एका पतसंस्थेची सर्व्हर-खोली तळमजल्यावर आहे असं समजा. सर्व्हर, बॅटऱ्या, नेटवर्कची यंत्रं असं सगळं मिळून ८० लाखांचा ऐवज. पुराचं पाणी आत शिरलं तर यातलं सुमारे २५ टक्के वाया जाईल असा अंदाज आहे. असा पूर दहा वर्षांतून एकदा येतो असं धरलंय. प्रश्न असतो : पुरापोटी वर्षाला सरासरी किती नुकसान धरावं?

```
SLE = AV × EF      = 80,00,000 × 0.25 = 20,00,000
ALE = SLE × ARO    = 20,00,000 × 0.1  = 2,00,000
```

एव्ही म्हणजे ऐवजाची किंमत आणि ईएफ म्हणजे एका तडाख्यात त्यातला किती हिस्सा जातो ते प्रमाण. या दोघांच्या गुणाकारातून एका घटनेचं नुकसान मिळतं, ते एसएलई. एआरओ म्हणजे अशी घटना वर्षाला सरासरी किती वेळा घडते. दहा वर्षांतून एकदा म्हणजे ०.१, वर्षाला सहा वेळा म्हणजे ६. शेवटी हाती येतं ते एएलई, म्हणजे वर्षाकाठी अपेक्षित नुकसान. आपल्या उदाहरणात ते दोन लाख.

आता याच प्रश्नाचे पर्याय पाहा. परीक्षक ते कसेही लिहीत नाही. एक पर्याय २० लाखांचा असतो. एसएलईवर थांबलेला उमेदवार तिथे सापडतो. दुसरा ८ लाखांचा : ८० लाखांना थेट ०.१ ने गुणलं आणि २५ टक्के विसरले. तिसरा ६ लाखांचा, आणि हा सगळ्यांत लबाड. प्रश्नात कधी कधी ‘२५ टक्के नुकसान होईल’ असं न लिहिता ‘७५ टक्के सामग्री वाचेल’ असं लिहितात. घाईत ७५ उचलला की ६० लाख गुणिले ०.१, म्हणजे ६ लाख, आणि तो आकडा पर्यायांत तयारच असतो. आपलं उत्तर पर्यायांत दिसलं म्हणून ते बरोबर असेल, हा दिलासा इथे कामाचा नाही. चुकणारा कुठे चुकेल हे आधी ताडूनच पर्याय रचलेले असतात.

एआरओच्या बाबतीतही शब्दांचे खेळ चालतात. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे ०.०१ हे सगळ्यांना जमतं. ‘गेल्या वीस वर्षांत तीन वेळा’ म्हणजे ०.१५, इथे काही जण अडखळतात. आणि एआरओ ही संभाव्यताच आहे असं मनाशी पक्कं केलेले उमेदवार वर्षाला सहा लॅपटॉप चोरीला जाणाऱ्या कंपनीपाशी अडतात, कारण संभाव्यता एकाच्या वर जात नाही. एआरओ ही वारंवारिता आहे, ती सहा असू शकते. लॅपटॉप ५० हजारांचा, चोरीला गेला की पूर्ण गेला, म्हणून ईएफ १०० टक्के. एसएलई ५० हजार आणि एएलई ३ लाख. उलट बाजूनेही एक गैरसमज असतो. दहा वर्षांतून एकदा म्हणजे पुढच्या दहा वर्षांत तो येणारच, असं नाही. दर वर्षी दहा टक्के शक्यता धरली, तर दहा वर्षांत किमान एकदा पूर येण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के निघते.

प्रश्नाचा दुसरा टप्पा जास्त रंगतदार असतो : उपाय परवडतो का? समजा, सर्व्हर-खोली दुसऱ्या मजल्यावर न्यायला ४ लाख रुपये लागतात, ही व्यवस्था दहा वर्षं चालेल, आणि वर खोलीच्या देखभालीला वर्षाला २० हजार. खोली वर गेली म्हणून पूर काही कमी वेळा येणार नाही. एआरओ तोच, ०.१. पण तळमजल्यावर राहिलेल्या वायरिंग आणि जनरेटरचंच काय ते नुकसान होईल, म्हणून ईएफ २५ वरून ५ टक्क्यांवर येईल. म्हणजे एसएलई ४ लाख आणि नवं एएलई ४० हजार.

इथे हमखास होणारी चूक अशी, की लोक ४ लाखांची तुलना २ लाखांच्या एएलईशी करतात आणि ‘परवडत नाही’ असं उत्तर देतात. एक आकडा एकरकमी, दुसरा वार्षिक. आधी दोन्ही वार्षिक करायचे. ४ लाख दहा वर्षांवर पसरले की वर्षाला ४० हजार, त्यात देखभालीचे २० हजार मिळवले की वर्षाचा खर्च ६० हजार. मग उपायाची किंमत :

```
आधीचं ALE − नंतरचं ALE − उपायाचा वार्षिक खर्च
2,00,000 − 40,000 − 60,000 = 1,00,000
```

उत्तर शून्याच्या वर, म्हणजे उपाय परवडतो. पण हाच प्रश्न ‘या उपायावर वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च करावा’ असा विचारला, तर उत्तर २ लाख नाही. ४० हजारांचं नुकसान उपायानंतरही उरतंच, म्हणून बचत होते १ लाख ६० हजारांची, आणि खर्चाची मर्यादाही तेवढीच. ‘धोका पूर्णपणे नाहीसा होईल’ असं प्रश्नात लिहिलेलं असेल तरच २ लाख. हे एक वाक्य आहे की नाही, ते दोनदा वाचावं.

उपाय नेमका कोणत्या आकड्याला हात लावतो, हेही परीक्षेत आडून विचारतात. खोली वर नेली की ईएफ घटतो. दाराशी पूर अडवणारा बंधारा घातला, तर पाणी आत येण्याची वेळच कमी वेळा येते, म्हणजे एआरओ घटतो. विमा उतरवला तर यातलं काहीच घटत नाही, फक्त नुकसानीचा बोजा दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. त्याला धोका हस्तांतरित करणं म्हणतात.

इथवर पुस्तकातलं झालं. पुस्तक एक गोष्ट मात्र गृहीत धरतं : ०.१ हा आकडा आभाळातून पडतो. प्रत्यक्षात तो कुणीतरी काढायचा असतो. सांगलीकरांना २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ठाऊक आहेत. आता २०१८ सालच्या एखाद्या हिशेबनीसाच्या खुर्चीत बसू. २००५ पासून चौदा वर्षांत एक महापूर, म्हणजे एआरओ सुमारे ०.०७ आणि एएलई १ लाख ४० हजारांच्या आसपास. तोच माणूस २०२१ च्या अखेरीस तोच हिशेब करतो : सतरा वर्षांत तीन, म्हणजे जवळपास ०.१८ आणि एएलई साडेतीन लाख. फक्त २०१९ पासूनची तीन वर्षं धरली तर एएलई तेरा लाखांवर जातं. (आणि मोजणी पुराच्याच वर्षापासून सुरू केली, हाही एक छुपा पक्षपात आहेच.) नदी तीच, खोली तीच, आणि उत्तरं मात्र नऊ पटींनी वेगळी.

ही अडचण या पद्धतीच्या जन्मापासून माहीत होती. १९७० च्या दशकात आयबीएममधल्या रॉबर्ट कोर्टनी यांनी अशा हिशेबाचा पुरस्कार केला, आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने ‘फिप्स ६५’ या मार्गदर्शिकेत तो सरकारी संगणक केंद्रांसाठी घेतला. त्यातली युक्ती आजच्या परीक्षेत दिसत नाही. अचूक आकडे विचारायचेच नाहीत, फक्त पट विचारायची. नुकसान दहा डॉलरचं, शंभरचं, हजारचं की दहा हजारचं? घटना तीनशे वर्षांतून एकदा, तीस वर्षांतून एकदा, तीन वर्षांतून एकदा की शंभर दिवसांतून एकदा? प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. माणसाला ०.०७ आणि ०.१ यांतला फरक सांगता येत नाही, पण तीन वर्षं आणि तीस वर्षं यांतला येतो, हे ही मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं. पुढे दशांश चिन्हं आली आणि उत्तर उगाचच नेमकं दिसू लागलं.

सरासरी आणखीही एक गोष्ट झाकते. वर्षाला शंभर वेळा होणारं दोन हजारांचं नुकसान आणि शंभर वर्षांतून एकदा होणारं दोन कोटींचं नुकसान, दोन्हींचं एएलई सारखंच, दोन लाख. पहिलं नुकसान पतसंस्था खर्चाच्या एखाद्या रकान्यात जिरवते. दुसऱ्याने ती कदाचित बुडते, आणि बुडालेल्या संस्थेला शंभर वर्षांच्या सरासरीचा काही उपयोग नसतो. म्हणून क्वचित येणारे पण मोठे धोके एएलईच्या क्रमवारीत खाली दिसले तरी ते वेगळे काढून पाहावेत, विमा बहुधा तिथेच कामाचा असतो.

मग हा हिशेब करायचा तरी कशाला? मला तो उलट दिशेने केला की जास्त उपयोगी वाटतो. पूर किती वेळा येतो हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही, पण खोली वर नेण्याचा वर्षाचा खर्च ६० हजार आहे, हे कंत्राटदाराच्या दरपत्रकावर लिहिलेलं असतं. एका पुरात खोली वर असल्यामुळे १६ लाख वाचतात. ६० हजार भागिले १६ लाख, म्हणजे ०.०३७५. पूर साधारण २७ वर्षांतून एकदा किंवा त्याहून जास्त वेळा येत असेल, तर खोली वर नेणं परवडतं. आता २०१८ चा हिशेबनीस आणि २०२१ चा हिशेबनीस यांच्या एआरओत अडीच पटींचा फरक असला तरी दोघांचंही उत्तर एकच येतं. संचालक मंडळालाही ‘एआरओ किती धरू?’ असं विचारण्यापेक्षा ‘पुढच्या २७ वर्षांत पाणी एकदाही आत येणार नाही, यावर तुम्ही पैज लावाल का?’ असं विचारता येतं, आणि सांगलीत त्याचं उत्तर द्यायला कुणाला कॅल्क्युलेटर लागत नाही.