क्लिनिकशिवाय फिजिओथेरपी: चार गैरसमज

‘क्लिनिक नाही, म्हणजे नोंदणीही नको.’
नोंदणी जागेची नसते, व्यवसाय करणाऱ्या माणसाची असते. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याखाली ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे. पेशंटच्या घरी जाऊन उपचार करणाऱ्यालाही तिथली नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक पावतीवर छापावा आणि फाईलच्या पहिल्या पानावरही लिहावा. ‘मालिशवाले आले’ असं म्हणणाऱ्या घरात तुमची खरी ओळख त्यातूनच होते.

‘मशीन नेली नाहीत तर पेशंटला उपचार झाल्यासारखं वाटत नाही.’
हा गैरसमज आपल्याच लोकांनी वाढवला आहे. पोर्टेबल टेन्सवर पैसे घालण्याआधी, गुडघा बदलून चार-पाच दिवसांत घरी आलेल्या आजींच्या खोलीत काय दिसतं ते पाहा.

बहुतेक घरांत गुडघ्याखाली मऊ उशी असते. सुनेने प्रेमाने ठेवलेली असते आणि आजींना त्याने बरंही वाटतं. पण गुडघा दिवसभर थोडा वाकलेलाच राहिला तर पुढे तो पूर्ण सरळ होत नाही आणि चाल लंगडी होऊ शकते. “आजी, उशी काढूया,” म्हणायचं आणि टॉवेलची गुंडाळी टाचेखाली द्यायची. गुडघा खाली मोकळा सुटला की तो आपल्या वजनाने सरळ होत जातो. मग गोनिओमीटर लावून दोन आकडे घ्यायचे: किती सरळ होतो आणि किती वाकतो. साधारण दोन आठवड्यांत नव्वद अंशांपर्यंत वाकायला हवा. प्रगती अडली तर आधी हे आकडेच सांगतात. पेशंटच्या ‘बरं वाटतंय’वर भिस्त ठेवू नये.

त्यानंतर घर तपासायचं. पलंग फार बुटका असेल तर आजी उठताना चांगल्या पायावर सगळा भार टाकतात. आंघोळीचा पाट काढून हातांची पक्की खुर्ची ठेवायची. जिना असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा आधी. हे तोंडी सांगून भागत नाही, त्याच जिन्यावर करून घ्यावं लागतं. क्लिनिकमध्ये यातलं काहीच दिसत नाही. घरी जाण्याची किंमत त्यासाठीच आहे.

बॅगेत बीपीचं यंत्र आणि ऑक्सिमीटर मात्र हवंच. पोटरी एका बाजूला सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी वाटली, तर व्यायाम थांबवायचा आणि ताबडतोब सर्जनला फोन करायचा. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. सोबत धापही लागत असेल तर थेट हॉस्पिटल. घरात तुमच्याशिवाय दुसरा कुणी हे ओळखणारा नसतो.

‘लांबचा पेशंट जास्त पैसे देतो, म्हणून घ्यावा.’
समजा, तुम्ही कोथरूडला राहता आणि एका व्हिजिटचे सातशे रुपये घेता. कर्वेनगरच्या पेशंटला पाऊण तास दिला आणि जाण्यायेण्यात पाव तास गेला, तर तासाला सातशे पडले. वाकडच्या पेशंटने नऊशे दिले, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये जायला तास आणि यायला तास गेला. म्हणजे पावणेतीन तासांचे नऊशे, तासाला सव्वातीनशेच्या आसपास. पेट्रोल वेगळंच. शिवाय दमून पोचलेला फिजिओ आजींना आधार देऊन उभं करणार, हा धोकाही त्यात आहे.

सुरुवातीला कुणालाच नाही म्हणवत नाही, हे मला मान्य आहे. तरीही दोन-तीन लागून असलेले भाग ठरवून त्यांतलेच पेशंट घ्यावेत आणि लांबच्याला त्याच्या भागातल्या सहकाऱ्याचा नंबर द्यावा. तो सहकारीही तुमच्याकडे पेशंट पाठवायला लागतो.

‘व्हिजिट कमी केल्या की उत्पन्न बुडतं.’
महिन्याचं पॅकेज आगाऊ विकून रोज जात राहिलं, तर पेशंट तुम्ही आल्यावरच व्यायाम करतो. गुडघ्याच्या पेशंटला पहिला आठवडा रोज, मग दिवसाआड, पुढे आठवड्यातून एकदा, असा साधारण क्रम आहे. जखम किंवा हालचाल साथ देत नसेल तर तो बदलतो. मधल्या दिवसांचे व्यायाम मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावायचे आणि घरच्या एकाला शिकवायचे. आजी वॉकर सोडून बाहेर चालू लागल्या की घरच्या व्हिजिट थांबवायच्या.

थांबवताना सर्जनला अर्ध्या पानाचं पत्र द्यावं: पहिल्या दिवशीचे आणि आजचे अंश, आधाराशिवाय किती अंतर चालतात, जिना कसा चढतात, काय राहिलं आहे. पुढचा पेशंट पाठवताना सर्जनच्या हातात तुमच्या कामाबद्दल एवढाच लेखी पुरावा असतो. जाहिरातीच्या कार्डापेक्षा त्यावर वेळ घालवलेला बरा.