शरीरात काय शिरतं, बाहेर काय पडतं

परजीवीशास्त्राच्या प्रकरणात प्रत्येक जंताची स्वतंत्र आकृती असते आणि अवस्थांची नावंही वेगवेगळी. वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी ती पाठ करतात, आणि उत्तरपत्रिकेत हत्तीरोगाचा बाण मलेरियाला जोडला जातो. हे सगळं एका तक्त्यात आणायचं असेल, तर आधी दोनच प्रश्न विचारावेत. माणसाच्या शरीरात कोणती अवस्था शिरते? आणि तपासणीत कोणती अवस्था हाती लागते? पहिल्या उत्तरावरून रोग टाळण्याची जागा कळते, दुसऱ्यावरून निदानाची. मधल्या बाकीच्या अवस्था तक्त्याबाहेर राहिल्या तरी फारसं बिघडत नाही.

| रोग | मुख्य पोशिंदा | मध्यस्थ पोशिंदा | काय शिरतं | निदान कशावरून | साखळी कुठे तोडायची |
|---|---|---|---|---|---|
| मलेरिया | अ‍ॅनोफिलिस डास | माणूस | डासाच्या लाळेतले परजीवी | रक्तातल्या तांबड्या पेशी | मच्छरदाणी, लवकर उपचार |
| हत्तीरोग | माणूस | क्युलेक्स डास | डासाने सोडलेल्या अळ्या | रात्रीच्या रक्तातले सूक्ष्म जंत | गावभर औषध, डासनियंत्रण |
| नारू | माणूस | सायक्लॉप्स | सायक्लॉप्स असलेलं पाणी | फोडातून निघणारा जंत | पाणी गाळणं |
| पट्टकृमी, आतड्यात | माणूस | डुक्कर | मांसातल्या पुटी | विष्ठेतली अंडी, जंताचे तुकडे | मांस नीट शिजवणं, संडास |
| तोच, मेंदूत | माणूस | माणूस, डुकराच्या जागी | अंडी | सीटी स्कॅन, एमआरआय | हात धुणं, जंत बाळगणाऱ्यावर उपचार |

सर्वांत जास्त चुका पोशिंद्यांच्या रकान्यांत होतात. परजीवीचं लैंगिक प्रजनन ज्याच्या शरीरात होतं, तो मुख्य पोशिंदा. मलेरियात ते डासाच्या पोटात होतं, म्हणून आजारी पडणारा माणूस तिथे फक्त मध्यस्थ ठरतो. हत्तीरोगात नर-मादी जंत माणसाच्या लसिकावाहिन्यांत राहतात, तिथे मध्यस्थ डास. दोन्ही रोग डासामुळेच पसरतात, पण तक्त्यात त्यांच्या नोंदी बरोबर उलट्या येतात.

निदानाच्या रकान्यात केवळ ‘रक्त’ असं लिहिलं, तर नोंद अर्धवट राहते. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत दिवसा बहुतेक फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत असतात आणि रात्री बोटाच्या टोकापर्यंतच्या रक्तात येतात. म्हणूनच गडचिरोली-चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत रक्ताचे नमुने रात्री घेतले जातात, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान. दुपारी घेतलेल्या काचेवर काही दिसलं नाही, तर त्यावरून रोग नाही असं ठरत नाही. उलट, पाय खूप सुजलेल्या जुन्या रुग्णाच्या रक्तात रात्रीही अनेकदा सूक्ष्म जंत सापडत नाहीत. ‘केव्हा’ आणि ‘कुणात’ हे शब्द रकान्यात आलेच पाहिजेत.

नारूची ओळ मात्र सरळ आहे. त्यावर मारक औषध नाही आणि लसही नाही. पण गाळलेलं पाणी प्यायलं, तर सायक्लॉप्स पोटात जात नाही. फोड आलेला पाय पाण्यात बुडवला नाही, तर अळ्या पाण्यात उतरत नाहीत. पायऱ्यांच्या विहिरींना पर्याय मिळाले, घरोघरी पाणी गाळलं गेलं आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. औषधाशिवाय, निव्वळ साखळी दोन जागी तोडून मिळवलेलं हे यश विलक्षण आहे.

पट्टकृमीला दोन ओळी द्याव्या लागतात, कारण एकच जंत माणसाला दोन वेगळ्या भूमिकांत गाठतो. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातली पुटी पोटात गेली, तर आतड्यात काही मीटर लांबीचा जंत वाढतो. त्याची अंडी तोंडावाटे गेली, तर त्यांतल्या अळ्या आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतात आणि स्नायूंत किंवा मेंदूत पुटी करून राहतात. मेंदूतल्या पुटीमुळे फिट्स येतात. दोन ओळी एकत्र केल्या, की ‘डुकराचं मांस खाल्लं म्हणून मेंदूत जंत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो, आणि शाकाहारी रुग्णाचा आजार ओळखायचा राहून जाऊ शकतो.

1992 साली न्यूयॉर्कमधून नोंदवलेल्या रुग्णांनी हे लख्ख दाखवलं. रुग्ण सनातनी ज्यू होते, डुकराचं मांस न खाणारे, तरीही मेंदूत पुटी निघाल्या. शोध घरकाम करणाऱ्यांपर्यंत गेला. ते लॅटिन अमेरिकेतल्या, हा जंत आढळणाऱ्या देशांतून आले होते, आणि एकाच्या विष्ठेत पट्टकृमीची अंडी सापडली. मेंदूतल्या पुटी अंडी घालत नाहीत, म्हणून अशा रुग्णाची विष्ठा स्वच्छ निघू शकते. तपासणी घरातल्या सगळ्यांची आणि स्वयंपाक करणाऱ्याचीही व्हावी लागते. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत ‘जंत बाळगणाऱ्यावर उपचार’ हे शब्द आहेत, ते त्याच व्यक्तीसाठी.