फॉलिक अ‍ॅसिडची गोळी पाळी चुकण्याआधीच का हवी?

गर्भात सुरुवातीला पेशींचा सपाट पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा उचलून एकमेकींना चिकटतात अन् नळी होते. तिच्यातूनच मेंदू आणि मज्जारज्जू बनतो. नळी खाली उघडी राहिली की पाठीच्या कण्यात फट राहते. हाच स्पायना बिफिडा. पेशी भराभर वाढायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं.

समजा, पाळी १ जूनला आली अन् गर्भ १५ जूनच्या सुमारास राहिला. नळी २८ दिवसांत, म्हणजे १३ जुलैपर्यंत मिटते. पाळी चुकते २९ जूनला. दवाखान्यात जाईस्तोवर २० जुलै उजाडतो. मग गोळीने फट भरत नाही.

म्हणून किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं. धोका बराच घटतो, पूर्ण टळत नाही. आधीच्या बाळाला हा दोष असेल, तर डोस मोठा लागतो. तो डॉक्टरच ठरवतील.