‘निवास’चं ‘सदन’: फोटोतली पाटी पुन्हा कोरताना

गिरगावातल्या जुन्या चाळींच्या प्रवेशदारावर कोरीव सागवानी पाट्या अजून दिसतात. फणसवाडी, कांदेवाडी, ठाकुरद्वारच्या गल्ल्यांमधून मान वर करून चाललं की एखादं ‘निवास’, एखादं ‘भुवन’, एखादं ‘सदन’ भेटतंच. पुनर्विकासात चाळ जाते, पाटी कुणीतरी उतरवून ठेवतं, आणि नव्या इमारतीसाठी ‘अगदी तशीच पाटी, फक्त एक शब्द वेगळा’ अशी मागणी येते. लाकडात एकदा कोरलेलं खोडता येत नाही. म्हणून पटाशी लावण्याआधी गिऱ्हाइकाला फोटोतच नवा शब्द कोरून दाखवायचा. वरवर पाहता हे काम किरकोळ वाटतं. पण संगणकावर अक्षरं टाइप करून त्यांना काळसर सावली दिली की पाटी लाकडाची न राहता लग्नपत्रिकेची होते, हे ज्यानं करून पाहिलंय त्याला ठाऊक असतं.

नमुन्यादाखल एक पाटी धरू. लांबी १५ इंच, शब्द ‘लक्ष्मी निवास’. ती जिन्याजवळच्या बोळात लावलेली आहे, आणि तिच्या वर, थोडी पुढे, एक लांब ट्यूबलाइट आहे. साध्या मोबाइलच्या ४००० पिक्सेल रुंद फोटोत पाटीनं जवळजवळ सगळी चौकट भरली असेल, तर एका मिलिमीटरला साधारण १० पिक्सेल मिळतात. शिरोरेषा ६ मिलिमीटर जाड, म्हणजे फोटोत ६० पिक्सेल. ‘निवास’च्या जागी ‘सदन’ हवं आहे.

काही करण्याआधी फोटोला दोन प्रश्न विचारायचे: खाच कसल्या आकाराची आहे, आणि उजेड कुठून येतोय? हातानं कोरलेली जुनी अक्षरं बहुधा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेची असतात. अक्षराच्या दोन्ही कडांपासून उतरत्या भिंती निघतात आणि मधोमध एका रेघेत मिळतात. उलटं ठेवलेलं कौलारू छप्परच म्हणा. भिंतींमधला कोन ९० अंशांचा असेल तर खोली रुंदीच्या निम्मी, म्हणजे आपल्या शिरोरेषेला ३ मिलिमीटर. ६० अंशांचा असेल तर तीच खोली सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास जाते. या हिशेबातून निघणारी गोष्ट अशी की खोली रुंदीवर ठरते. देवनागरीचं जाड-बारीक वळण बोरूच्या तिरक्या टोकातून आलेलं आहे, त्यामुळे व्ही-खाचेत अक्षर जिथे जाड तिथे आपोआप खोल आणि जिथे बारीक तिथे उथळ होतं. फोटोशॉपमधली Inner Shadow ही सोय नेमकी इथेच फसते. तिला खोली कळत नाही, रेघ जाड असो की बारीक, ती अक्षराच्या कडेला तेवढ्याच रुंदीची काळी किनार लावते. त्यापेक्षा Bevel & Emboss मध्ये Inner Bevel, Chisel Hard आणि दिशा Down घ्यावी, आणि Size सगळ्यात जाड रेघेच्या निम्म्याहून किंचित जास्त, इथे ३० पिक्सेलच्या थोडी वर ठेवावी. मग दोन्ही उतार मधल्या रेघेत मिळतात आणि काना शिरोरेषेला भेटतो त्या कोपऱ्यात खऱ्या पटाशीसारखी तिरकी घडी पडते.

आता उजेड. खोदलेल्या अक्षराची सावली उजेडाच्या बाजूला पडते. दिवा वर असेल तर खाचेची वरची भिंत काळी आणि खालची उजळ. उठावाच्या अक्षरात याच्या बरोबर उलट. डोळा उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, म्हणून कोरीव पाटीचा फोटो मोबाइलवर उलटा धरला की खोदलेली अक्षरं एकाएकी फुगून वर आलेली दिसतात. केलेलं काम तपासायची ही सगळ्यात स्वस्त परीक्षा. उलट्या फोटोत जुना शब्द फुगला आणि नवा शब्द सपाट किंवा अर्धवट राहिला, तर नव्या शब्दाचा उजेड चुकलेला आहे.

यात बहुतेकांच्या हातून निसटतं ते उजळ बाजूचं गणित. उजेड पाटीच्या समोरून ४५ अंश वरून येतोय आणि खाच ९० अंशांची आहे असं समजा. वरच्या भिंतीला दिवा जेमतेम घासून जातो, तिच्यावर फक्त बोळातला इकडून तिकडून आलेला उजेड. खालची भिंत मात्र थेट दिव्याकडे तोंड करून असते, तिला पाटीच्या सपाट भागापेक्षा जवळजवळ दीडपट, नेमकं सांगायचं तर १.४ पट उजेड मिळतो. म्हणजे कोरलेल्या अक्षराचा अर्धा भाग पाटीपेक्षा उजळ हवा. लोक अक्षर नुसतं काळं करतात आणि मग ते छापील का दिसतंय याचा विचार करत बसतात. हा उजळपणा पांढऱ्या रंगानं द्यायचा नाही, नाहीतर लाकडावर दुधाळ प्लास्टिकची कड उमटते. त्याच पाटीवरच्या उजळ सागवानाचा पिवळट तपकिरी रंग उचलून तोच वापरायचा.

कान्याचं प्रकरण वेगळं. काना उभा आणि दिवा बरोबर वर, म्हणून त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही भिंतींना सारखाच उजेड मिळतो, तोही पाटीपेक्षा कमी. त्यामुळे शिरोरेषा ठसठशीत आणि काना जरा मवाळ दिसतो. शिवाय ट्यूब आडवी लांब असते. तिच्या लांबीला समांतर असलेल्या आडव्या कडांची सावली धारदार पडते, उभ्या कडांची सावली पसरट होते. म्हणजे एकाच अक्षरात शिरोरेषेच्या खाचेतली सावली रेखीव आणि कान्यातली पुसट हवी. बीडीडी चाळींमधल्या मधल्या बंद बोळांत, जिथे खोल्या दोन्ही बाजूंना आणि दिवसाही दिवाच लागतो, असा उजेड भेटतो. गिरगावच्या उघड्या गॅलरीतल्या दारावर आकाशाचा मऊ उजेड असतो, तिथे सगळ्याच सावल्या मवाळ. गॅलरीतल्या पाटीवर बोळातली धारदार सावली चिकटवली की नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

प्रत्यक्ष कामात आधी ‘निवास’ बुजवायचं. लाकडाच्या रेषा पाटीत आडव्या धावतात, म्हणून बुजवण्यासाठी लाकूड त्याच उंचीवरच्या मोकळ्या भागातून आडवं सरकवून आणायचं. वरून किंवा खालून आणलं तर रेषांची जाडी आणि रंग बदललेले असतात. सरळ रेषांच्या फळीत हे सहज जमतं. फळी अशी कापलेली असेल की मध्ये कमानीसारख्या रेषा दिसतात, तर कमान सरकवता येत नाही. तिथे रेषा एकेक करून हातानं जोडाव्या लागतात, आणि खरा वेळ इथेच जातो. आपोआप भरणाऱ्या सोयीवर विसंबलं तर एकच गाठ दोनदा उगवते.

मग ‘सदन’. इथे नशीब बरं आहे, कारण ‘स’ आणि ‘न’ जुन्या शब्दातच कोरलेले आहेत. ते उचलून घ्यावेत, फॉन्टकडे जाऊ नये. पाटी कोरणाऱ्याच्या हाताचं वळण कुठल्याच फॉन्टमध्ये नसतं, आणि बऱ्याच फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी घडणीचे येतात. ‘नि’मधून ‘न’ घेताना वेलांटी शिरोरेषेच्या वर राहते आणि तिचा उभा दांडा अक्षराच्या डावीकडे, दोन्ही गाळावे लागतात. उरला ‘द’. त्याचं गोल पोट ‘व’च्या गोलाईतून घडवता येतं, पण ते फिरवायचं नाही. तुकडा फिरवला की त्याच्यातली सावलीही फिरते. दिवा बरोबर वर असेल तर डावं-उजवं उलटलेलं चालतं, वर-खाली उलटलेलं कधीच नाही. ‘द’ची शेपूट मात्र कुठूनच मिळत नाही. तिच्यासाठी वर सांगितलेली Chisel Hard ची घडण वापरायची, आणि वळणागणिक सावली कमी-जास्त होत जाते ना ते शेजारच्या ‘स’शी ताडून पाहायचं.

उचललेल्या अक्षराबरोबर त्याच्या जुन्या जागेच्या रेषाही येतात. म्हणून अक्षराभोवतीचं लाकूड सोडून फक्त खाच घ्यायची आणि खाचेतल्या रेषा नव्या जागेच्या रेषांशी जुळवायच्या. त्या खाचेतही चालूच राहतात, फक्त उतारावर सरकतात. वार्षिक वलयं फळीच्या पृष्ठाला जवळजवळ काटकोनात असतील तर रेषा सरळ आरपार जातात. कमानीच्या फळीत वलयं पृष्ठाशी थोडाच कोन करतात, तिथे ३ मिलिमीटर खाली गेल्यावर रेष बरीच बाजूला निघते. शिरोरेषेची खाच रेषांच्या दिशेनंच जाते, तिच्या भिंती गुळगुळीत आणि लांब पट्ट्यांच्या. काना रेषांना आडवा कापतो. त्याच्या भिंतींवर तंतूंची कापलेली टोकं उघडी पडतात, ती पॉलिश जास्त पितात आणि गडद होतात. आधीच कमी उजेड मिळणारा काना शिरोरेषेच्या उजळ भिंतीपेक्षा आणखी गडद दिसतो तो यामुळे. हा फरक नसेल तर अक्षर लाकडात कोरल्यासारखं न वाटता साच्यातून काढल्यासारखं वाटतं.

जागेचाही प्रश्न येतो. ‘सदन’ ‘निवास’पेक्षा आखूड. नुसतं डावीकडून लावलं तर उजवीकडे मोकळं लाकूड उरतं आणि पाटी एका बाजूला कललेली दिसते. एक उपाय म्हणजे ‘लक्ष्मी’सकट सगळं मध्यावर सरकवणं, त्यात बुजवायचं काम दुप्पट होतं. दुसरा उपाय अक्षरांमधलं अंतर वाढवून शिरोरेषा लांबवणं. मला दुसरा जास्त आवडतो, कारण शिरोरेषा अक्षरांना बांधून ठेवते आणि थोडी ओढली तरी शब्द तुटत नाही. दोन अक्षरांमध्ये अर्ध्या कान्याइतकं अंतर वाढवलं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

शेवटचा हात जुनेपणाचा. धूळ वर तोंड असलेल्या पृष्ठावर बसते, म्हणजे खाचेच्या खालच्या, उजळ भिंतीवर, आणि तिथला चकाकणारा भाग मंद करते. पॉलिश मधल्या रेघेत साचून गडद होतं. लालबागच्या मसाला गल्लीजवळच्या घरातल्या पाटीत धुळीला तांबूस छटा दिसली तर मला नवल वाटणार नाही. नव्या अक्षरांवर फोटोची कणीही चढवावी लागते. मोबाइलच्या फोटोत अंधाऱ्या भागात कणी जास्त असते आणि नवा शब्द तिच्याशिवाय फार स्वच्छ दिसतो. फोटो दुप्पट मोठा करून जुनं ‘क्ष्मी’ आणि नवं ‘द’ शेजारी ठेवले की हे कळतं. हीच तपासणी उलट्या कामासाठीही उपयोगी. चाळीतल्या खोलीवरचा हक्क सांगायला कुणी नाव बदललेल्या पाटीचा फोटो पुढे केला, तर खालच्या भिंतीचा उजळपणा, कान्याची गडद भिंत आणि दोनदा आलेली गाठ या तीन जागा आधी पाहाव्यात. गिऱ्हाइकाला दाखवायच्या नमुन्यावर ‘नमुना’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं बरं.

एक गोष्ट हा फोटो सांगू शकत नाही. काही जण म्हणतात, नवी फळी कशाला, याच जुन्या पाटीवर शब्द बदलून द्या. त्यासाठी सुताराला जुनी अक्षरं पूर्ण जाईपर्यंत रंधा मारावा लागतो. सगळ्यात खोल जागा ३ मिलिमीटर असेल तर साधारण साडेतीन मिलिमीटर लाकूड जातं, आणि २० मिलिमीटरची फळी साडेसोळाच्या आसपास येते. खाली जे लाकूड निघतं त्याच्या रेषा फोटोतल्या नसतात. कमान सरकलेली, कधी नवी गाठ आलेली. नमुना मंजूर करताना हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं: अक्षरांची खोली फोटोप्रमाणे मिळेल, रेषा मात्र फळी देईल त्या.